उशीखालची भाकरी: मार खाऊन आलेलं मूल घरात घेतल्यावर

पोरगी येऊन अकरा दिवस झाले होते. आत्यानं उशी-गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली कडक भाकरीचे चार तुकडे, शेंगाचटणीची पुडी आणि अर्धं केळं. केळ्याला चिलटं लागलेली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "दोन वेळा पोटभर देतोय, वर चोरी? आत्ताच वळण लावा, नाहीतर डोक्यावर बसेल."

सोलापुरात समुपदेशनाचं काम करताना ही गोष्ट मी वेगवेगळ्या घरांतून ऐकली आहे. कुठे बिस्किटाचे पुडे दप्तरात सापडतात, कुठे भात प्लॅस्टिकच्या पिशवीत. इथे मी ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिला चिमी म्हणू. ती एक मुलगी नाही. तीन-चार मुलांचे अनुभव एकत्र करून, ओळखीच्या खुणा बदलून मी तिला उभी केली आहे. वय नऊ. बाप यंत्रमागावर कामाला, पगार झाला की दारू, दारू झाली की आईला आणि हिला मार. आई मधूनमधून माहेरी निघून जायची, कधी चार दिवस, कधी दोन महिने, आणि एकदा गेली ती आलीच नाही. मग चिमी काही महिने एका काकांकडे, काही महिने दुसऱ्या नातेवाइकांकडे राहिली आणि शेवटी आत्याकडे आली. आत्या घरी शाळेचे गणवेश शिवते, तिचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात आहेत. चिमी त्यांना मामा म्हणते. घरात आजी आणि तेरा वर्षांचा दादा.

असं मूल नात्यातल्या घरात येतं तेव्हा पहिल्या वर्षात काय काय होतं आणि त्या वेळी काय करायचं, एवढंच मी इथे सांगणार आहे.

एकदाचा धक्का आणि रोजची भीती

एस.टी.चा अपघात पाहिलेलं मूल घाबरतं, रात्री दचकतं, पण धावत आईच्या कुशीत जातं. चिमीच्या बाबतीत ज्याच्याकडे धावायचं तोच मारणारा होता, आणि जी वाचवायची ती कधी असायची, कधी नसायची. हे वर्षानुवर्षं चाललं की मुलाचा मेंदू त्या घरासाठी तयार होतो. पावलांचा आवाज ऐकून माणूस कुठल्या मनःस्थितीत आहे ते ओळखायचं, मिळेल तेव्हा खायचं आणि उरलेलं लपवायचं, विचारलं की आधी "मी नाही" म्हणायचं, कुणावर फार माया करायची नाही कारण ते निघून जातं. त्या घरात या सगळ्याचा उपयोग होता. आता घर बदललं, पण शरीराला ते अजून कळलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या प्रकाराला वेगळं नाव मिळालं आहे, कॉम्प्लेक्स पीटीएसडी. साध्या आघातानंतर दिसणाऱ्या तीन गोष्टी त्यात असतातच: जुना प्रसंग आत्ता घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि सतत धोक्याच्या पवित्र्यात असणं. त्यांच्या जोडीला आणखी तीन येतात. भावना आवरत नाहीत, किंवा पार बधिर होतात. स्वतःबद्दल "मी वाईट, मी घाण, माझ्यामुळेच झालं" ही समजूत पक्की होते. आणि जवळच्या माणसांशी नातं टिकत नाही. प्रत्येक मार खाल्लेल्या मुलाला हा आजार होतोच असं नाही, आणि निदान डॉक्टरांनीच करायचं. पुढे जे सांगते आहे त्यासाठी मात्र निदानाची वाट बघायला नको.

आधी कान बघा

वळण, अभ्यास, संस्कार या सगळ्याच्या आधी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. चिमीला हाक मारली की ती दुर्लक्ष करते अशी आजीची तक्रार होती. कान तपासले तर एका पडद्याला भोक होतं. कानफटात बसल्यानं असं होऊ शकतं. आजीला जी तुसडी वाटायची त्या पोरीला एका बाजूनं कमी ऐकू येत होतं. दात, डोळे, रक्तातलं लोह, जंत हेही तपासून घ्या. अंथरूण ओलं होत असेल तर बद्धकोष्ठता आहे का ते विचारा, कारण तेही एक नेहमीचं कारण असतं. आणि अंथरुणावरून घरात कुणीही, विशेषतः दादानं, चिडवायचं नाही. सकाळी चादर गुपचूप बदलायची, बस.

डॉक्टरांकडे जाताना काय होणार ते आधी सांगा: "ते कानात लाइट घालून बघतील. मी शेजारी बसेन. नको वाटलं तर हात वर कर, ते थांबतील." आणि डॉक्टरांनाही हे आधी सांगून ठेवा, म्हणजे हात वर झाल्यावर ते खरंच थांबतील.

भाकरीचा डबा

आता त्या उशीखालच्या भाकरीकडे येऊ. भूक पोटात असते, पण पुढचं जेवण मिळेल की नाही ही काळजी डोक्यात असते. त्यामुळे पोट भरून लपवणं थांबत नाही. लपवण्याची गरज संपेल अशी सोय करावी लागते.

आत्यानं घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला, फडताळाच्या खालच्या कप्प्यात चिमीचा हात पोहोचेल असा ठेवला आणि त्यात फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, कडक भाकरी असं टिकणारं खाणं भरलं. मग जेवायच्या वेळी नव्हे, दुपारी निवांत असताना म्हणाली, "हा डबा तुझा. रात्री उठून खाल्लंस तरी चालेल, विचारायचं नाही. रोज झोपायच्या आधी मी तो भरेन." गादीखाली काय सापडलं याचा उच्चारही तिनं केला नाही. शिळे तुकडे मात्र चिमीच्या नकळत फेकले नाहीत. "हे खराब झालंय, पोटात दुखेल. याच्या जागी डब्यात ताजं ठेवते," असं सांगून तिच्यासमोर बदलले. साठवलेलं गुपचूप नाहीसं झालं की मूल अजून चांगली जागा शोधतं, म्हणून हे महत्त्वाचं.

या डब्याला दोन नियम हवेत. पहिला, तो रोज ठरल्या वेळी, तिच्या देखत भरला जाणार, भांडण झालं त्या दिवशीसुद्धा. दुसरा, खाणं ही कधीच शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. "अभ्यास केला नाहीस, आज लाडू नाही," असं एकदा जरी झालं तरी डब्यावरचा विश्वास जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिले दोन-तीन आठवडे डबा रात्रीत रिकामा होईल. चिमी दोन वेळा उलटी होईपर्यंत खात होती. त्यावर उपाय म्हणजे डब्यात थोडं थोडं ठेवायचं आणि दिवसातून दोन-तीनदा भरायचं, कुलूप लावायचं नाही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा आणि सकाळीच सांगा, "दुपारी वरणभात, रात्री ज्वारीची भाकरी आणि भाजी." चिमीचं गादीखाली ठेवणं थांबायला जवळजवळ तीन महिने लागले. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात ते परत सुरू झालं. ताण वाढला की जुनी सवय डोकं वर काढते. तेव्हा आत्यानं फक्त डबा पुन्हा दिवसातून दोनदा भरायला घेतला.

"तू फोडलीस का?" हा प्रश्न विचारू नका

लोणच्याची बरणी फुटली. चिमीच्या फ्रॉकवर तेल, हातावर मसाला, आणि ती आत्याच्या डोळ्यांत बघून म्हणते, "मी नाही." मोठ्या माणसाचा संताप इथेच होतो. चुकीपेक्षा खोटं जास्त लागतं.

त्या क्षणी चिमी विचार करून खोटं बोलत नसते. आवाज चढला, भुवया आकसल्या की तिच्या मेंदूतली धोक्याची घंटा वाजते आणि विचार करणारा भाग मागे पडतो. तोंडातून जे येतं ते पळून जाण्यासारखं असतं, उत्तर नसतं. जुन्या घरात "हो" म्हटलं की पट्टा निघायचा.

म्हणून ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न विचारायचा नाही. दिसतं ते सांगायचं आणि पुढचं काम सांगायचं: "बरणी फुटली. काचा आहेत, आधी चप्पल घाल. मी काचा उचलते, तू फडकं आण." साफसफाई झाल्यावर, तासाभरानं, एवढंच म्हणायचं, "पुढच्या वेळी बरणी काढायची असेल तर मला हाक मार." बस. खोटं बोललीस हा विषय त्या दिवशी काढायचा नाही. आजींना हे लाड वाटले, आणि त्यांची शंका रास्तच होती की पोरीला मग खरं-खोटं कळणार कसं. ते कळतं ते खरं बोलल्यावर काय होतं हे पुन्हा पुन्हा पाहून. पाचव्या महिन्यात चिमी स्वतः येऊन म्हणाली, "आत्या, माझ्याकडनं दादाचं कंपासपेटीचं झाकण तुटलं." सांगताना तिनं एक हात गालावर धरून ठेवला होता.

वहीत तीन रकाने

सगळ्यात उपयोगी पडलं ते शिवणाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान. आत्यानं तिथे तीन रकाने पाडले: आधी काय घडत होतं, चिमीनं काय केलं, नंतर आम्ही काय केलं. वार आणि वेळ न चुकता. एका भडक्याला एक ओळ.

सहा आठवड्यांत तिनं अकरा प्रसंग लिहिले. आम्ही ते पान समोर ठेवून बसलो तेव्हा त्यातले सात शनिवारचे निघाले, सगळे संध्याकाळी सहा ते नऊच्या मधले. दादाची वही फाडली तो शनिवार, ताट भिरकावलं तो शनिवार, आजीला चावली तोही शनिवार. घरात तर शनिवार आनंदाचा. मामांचा आठवड्याचा पगार व्हायचा आणि येताना ते गरम भजी आणायचे. पण जुन्या घरीही पगार शनिवारीच व्हायचा. चिमीला हे जोडून सांगता आलं नसतं. संध्याकाळ झाली की तिचं अंग आपोआप तयारीला लागायचं, आणि येणारा मार वाट बघण्यापेक्षा आत्ताच ओढवून घेतलेला बरा, असं तिच्याही नकळत होत असे.

उरलेल्या चारांतले दोन तर मला एकटीला कधी सुचले नसते. दोन्ही वेळा वीज गेली होती आणि गल्लीतले माग एकदम थांबले होते. ज्यांनी मागांच्या शेजारी बालपण काढलं आहे त्यांना ठाऊक असेल, तो खटखटाट कानांना जाणवत नाही, तो बंद पडला की जाणवतो. चिमीच्या जुन्या घरी माग थांबला की बाप बाहेर पडायचा. तिला शांततेची भीती होती.

हे कळल्यावर शनिवारची आखणी बदलली. पाच वाजताच आत्या सांगायची, "आज शनिवार आहे. मामा साडेआठला येतील, दारू पीत नाहीत, भजी आणतील." मामा कोपऱ्यावरून फोन करायचे. दारात आल्यावर आधी नेहमीच्या आवाजात "मी आलो गं" म्हणायचे, चप्पल काढून लगेच खाली बसायचे आणि पाणी मागायचे. उभा, दारात, गप्प पुरुष ही तिच्यासाठी सगळ्यात वाईट आकृती होती. सहा ते आठ चिमीच्या हाताला काम असायचं, शर्टांची बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची. वीज गेली की आत्या मुद्दाम बोलत राहायची किंवा गाणं म्हणायची. पुढच्या आठ शनिवारांत दोनदाच भडका उडाला, तोही लहान.

सगळी कारणं घरातून काढून टाकता येत नाहीत आणि तसा प्रयत्नही करू नये. आधी सांगायचं, मात्रा कमी करायची आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. तिथे गर्दीत नेण्याऐवजी लांबच्या गच्चीवरून दाखवलं, आणि "नको झालं की जिना उतरायचा, मी बरोबर येईन" हे आधीच ठरवलं. ती दहा मिनिटं थांबली. तेवढं पुरे.

भडका उडतो त्या क्षणी

त्या वेळी समजावणं वाया जातं. क्रम असा ठेवा: आधी शरीर शांत, मग जवळीक, आणि बोलणं सगळ्यात शेवटी.

इतरांना खोलीबाहेर पाठवा, विशेषतः बघ्यांना. स्वतः खाली बसा, तिच्या समोर नको, थोडं बाजूला, आणि दार अडेल असं बसू नका. आवाज खाली, वाक्यं तीन-चार शब्दांची: "मी इथेच आहे. कुणी मारणार नाही. ही आत्याची खोली आहे." "माझ्याकडे बघ" म्हणू नका, डोळ्यांत बघणं तिच्यासाठी धमकी असते. न विचारता मिठी मारू नका. माठातल्या पाण्याचा गार पेला हातात द्या, किंवा पाय फरशीवर टेकवायला सांगा. अंगाला काहीतरी थंड, टणक, आत्ताचं लागलं की मूल आत्ताच्या खोलीत परत येतं. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावणं पुष्कळ ठिकाणी शिकवतात. मार खाल्लेल्या मुलाला डोळे मिटले की आतलं चित्र जास्त ठळक दिसू शकतं, म्हणून डोळे उघडेच राहू द्या.

पूर्ण शांत व्हायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. रडणं थांबलं म्हणजे झालं असं नाही. खांदे खाली आले, तिनं काही खायला मागितलं किंवा साधं काहीतरी विचारलं, की समजा परत आली. मग दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही: "तू घाबरली होतीस. ताट फेकायचं नाही, राग आला तर उशी आपट."

काही मुलं ओरडत नाहीत, थिजतात. नजर एकाच जागी, हाक ऐकू जात नाही, हात गार. अशी मुलं "शहाणी" म्हणून सुटून जातात आणि ही चूक फार महागात पडते, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. काही घरांत याला "बाहेरचं" समजून अंगारा-धुपारा होतो. देवावरच्या श्रद्धेला माझा विरोध नाही, पण मुलाला धरून ठेवणं, धूर देणं, मारून "काढणं" हे तिच्या शरीराला जुन्या घरासारखंच वाटतं. आणखी एक शक्यता तपासा. खेळता-बोलता मध्येच, कसलीही भीती नसताना, पाच-दहा सेकंद मूल कोरं होत असेल आणि लगेच काही झालंच नाही असं पुढे चालू करत असेल, तर तो फिट्सचा एक प्रकारही असू शकतो. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या महिन्यात बिघडतं

सुरुवातीला चिमी फार गोड वागायची. भांडी घासायची, आजीचे पाय चेपायची. तिसऱ्या महिन्यात शिव्या, चावे, "तू माझी कोण लागतेस?" आत्या माझ्यापुढे रडली, म्हणाली, "माझं काहीतरी चुकलं."

चुकलं नव्हतं. पाहुण्या घरात मूल सांभाळून राहतं. इथे राहावं असं वाटायला लागलं की भीती वाढते, कारण आता गमवायला काहीतरी असतं. मग ते तपासून बघतं: मी इतकी वाईट वागले तरी ठेवतील का? जो माणूस सगळ्यात जवळचा वाटतो त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं, म्हणून मामांशी ती नीट आणि आत्याशी वाईट. पुष्कळ घरं नेमकी इथे हात टेकतात आणि मूल पुढच्या नातेवाइकाकडे जातं. चिमीची आधीची दोन घरं अशीच गेली होती.

या काळात एक वाक्य घरातून हद्दपार करा: "असंच वागलीस तर परत पाठवीन." गमतीतसुद्धा नको. "मला पाठवणार ना?" असं तिनं विचारलं तर जे खरं आहे तेच सांगा. कायमचं वचन देता येत नसेल तर देऊ नका. "तू चावलीस म्हणून कुणी पाठवणार नाही. या वर्षी तुझी शाळा इथेच आहे," हे आत्याला खरेपणानं सांगता येत होतं, ते तिनं सांगितलं.

कौतुकाचाही असाच घोळ होतो. "किती गुणी माझी पोर!" असं म्हटल्यावर चिमीनं दहाव्या मिनिटाला भिंतीवर शाई ओतली. आतून जी स्वतःला घाण समजते तिला हे कौतुक खोटं तरी वाटतं, नाहीतर उद्या खरं कळेल याची धास्ती बसते. म्हणून माणसाचं नको, केलेल्या कामाचं, हलक्या आवाजात, जाता जाता बोला: "बटणं रंगाप्रमाणे लावलीस, माझा अर्धा तास वाचला." हे तिला नाकारता येत नाही, कारण बटणं समोर असतात.

आणि एका रात्री आत्याचा हात उठला. चिमी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याकडे आली तेव्हा नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर होतं: "आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो, काही झालं नाही आम्हाला." मग बराच वेळ ती गप्प बसली. चिमीचा बाप तिचा सख्खा भाऊ. एकाच घरात, एकाच बापाचा मार दोघांनी खाल्ला. भावाचं काय झालं ते समोर होतं. स्वतःबद्दल ती हळूहळू बोलली: कुणी मोठ्यानं बोललं की हातापायातलं बळ जातं, नवरा चांगला असूनही पगाराचे पैसे ब्लाउजच्या कापडात लपवून ठेवते, कुणी शाबासकी दिली की दिवसभर अस्वस्थ वाटतं. चाळिशीच्या बाईची ही उशीखालची भाकरी. चिमी किंचाळली की आत्यातली नऊ वर्षांची मुलगी जागी व्हायची, आणि त्या रात्री हात तिनं उगारला होता.

मारलं गेलं तर पुढे काय? माफी मागायची, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, "पण" न लावता. आत्या म्हणाली, "काल मी तुला मारलं. ते चूक होतं, तुझी चूक नव्हती. मला राग आला की आता मी न्हाणीत जाऊन तोंड धुणार." "तू तसं वागलीस म्हणून" हे शेपूट जोडलं की माफी संपते. चिमीनं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला माफी मागताना पाहिलं, आणि पुढचे आठ दिवस आत्या खरंच न्हाणीत जाते का यावर पाळत ठेवली. आत्याला स्वतःसाठीही समुपदेशन सुरू करावं लागलं. असं मूल सांभाळणाऱ्याच्या बालपणात मार असेल, तर ही गोष्ट टाळून चालत नाही.

मूल काही सांगू लागलं तर

खोदून विचारू नका. भाकऱ्या थापताना, पाठमोरं असताना मुलं बोलतात. हातातलं काम चालू ठेवा, "हं, मग?" एवढंच म्हणा. "कुणाला सांगू नको" म्हणाली तर वचन देऊ नका: "तुला सुरक्षित ठेवायला लागेल तेवढ्याच लोकांना सांगेन." नंतर तिचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटवणं हा गुन्हा ठरू शकतो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र चालते. मूल नात्यात ठेवल्याचा कागद जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडून करून घ्या. उद्या बाप दारात उभा राहिला तर त्याचा आधार होतो. बालसंगोपन योजनेतून दरमहा मदतही मिळू शकते, त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा.

शाळेत सगळी कहाणी सांगू नका. वर्गशिक्षकांना तीनच गोष्टी पुरतात: डाव्या कानानं कमी ऐकू येतं, मागून अचानक हात लावू नका, आणि बाक भिंतीलगत पण दार दिसेल असा द्या. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे, हे गरज पडली तर नम्रपणे लक्षात आणून द्या.

तज्ज्ञ कधी

स्वतःला इजा करणं, मरायची भाषा, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं, प्राण्यांना छळणं, जेवण-झोप पार बिघडणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. थेरपिस्ट निवडताना विचारा की पहिल्या काही भेटींत काय करणार. "पहिल्याच दिवशी सगळं बोलायला लावू," असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. आधी घर आणि भावना स्थिर करायच्या, जुन्या प्रसंगांना नंतर हात घालायचा, ही या क्षेत्रातली रूढ पद्धत आहे. आघातावर केंद्रित वर्तनोपचारात साधारण बारा ते सोळा भेटी धरतात, चिमीसारख्या मुलांना जास्त लागतात, आणि त्यात सांभाळणाऱ्याची जागा असते. मुलाला एकट्याला आत पाठवून बाहेर बसायचं असं ते नसतं.

आणि डबा काढून टाकू नका. चिमीला येऊन दीड वर्ष झालं, ती आता मागून खाते, तिखट झालं तर तोंड वाकडं करते. फडताळाच्या खालच्या कप्प्यात डबा अजून आहे. आतले लाडू आठवडा-आठवडा तसेच राहतात, मुंग्या लागतात. आत्या ते बदलते, तिच्या देखत.